चाकणची ८० पोरं, त्यातली ३२ गेली : एका केसवरून समजून घेऊ एचआरमधली चार कामं

माझ्या नणंदेची मुलगी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एचआर घेतलंय, आणि परवा घरी आली तर म्हणते, "मामी, खरं सांग ना, एचआर म्हणजे हजेरी, पगार आणि वाढदिवसाचे केक, एवढंच असतं का?" मी हसले खरी पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. माझी पहिली दोन वर्षं मस्टर लॉक करण्यात, १५ तारखेच्या आत पीएफचं चलन भरलं का हे बघण्यात आणि गेलेल्या लोकांच्या फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, फायली शोधण्यातच गेली. ते काम करावंच लागतं, पण त्याच्या पलीकडे चार वेगवेगळे धंदे आहेत आणि बाहेरून बघणाऱ्याला ते सगळे एकाच टोपलीत दिसतात. रिक्रूटमेंट, ट्रेनिंग, एम्प्लॉयी रिलेशन्स म्हणजे आमच्या भाषेत ईआर, आणि हल्ली ज्याची हवा आहे ते पीपल अ‍ॅनालिटिक्स.

व्याख्या सांगत बसले तर ती झोपली असती, म्हणून तिला एक केस सांगितली, तीच इथे लिहिते. आकडे समजावण्यासाठी गोल करून घेतलेत, कंपनी कुठली ते धरून बसू नका, पण चाकण, रांजणगाव, वाळूज कुठेही काम केलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

समजा एक ऑटो पार्ट्सची फॅक्टरी आहे, ६०० लोकांची. एप्रिल ते जून तीन बॅचमध्ये ८० नवीन ऑपरेटर घेतले, कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर, बहुतेक मराठवाडा विदर्भातली आयटीआय झालेली पोरं. दर महिन्याच्या सुरुवातीला एक बॅच. ९० दिवसांच्या आत त्यातली ३२ गेली. प्लांट हेड मीटिंगमध्ये म्हणतो, "एचआर काय करतंय?" आता मजा बघा, इथे एचआर म्हणजे चार माणसं आहेत आणि चौघांना चार वेगळ्या गोष्टी दिसणार आहेत.

आधी आकडेवाल्यापासून सुरू करू, कारण बाकीच्यांना कुठे बघायचं ते इथूनच कळतं. आमच्याकडे अ‍ॅट्रिशन काढायची सरधोपट रीत अशी की वर्षभरात किती गेले भागिले सरासरी हेडकाउंट गुणिले १००. वर्षात ६० गेले आणि हेडकाउंट ६००, झाले १० टक्के, मॅनेजमेंट खूश, कारण १० टक्के ऐकायला बरं वाटतं. पण परमनंट माणूस तिथे कोण सोडतोय, वीस वीस वर्षं झालेली मंडळी आहेत, म्हणजे जे काही जातंय ते जवळपास सगळं नव्यांमधून जातंय आणि नव्यांचा दर आहे ८० पैकी ३२, म्हणजे ४० टक्के. एकाच फॅक्टरीत १० पण खरं आणि ४० पण खरं. सरासरीत जुनी माणसं नव्यांना झाकून टाकतात. पीपल अ‍ॅनालिटिक्सची पहिली अक्कल म्हणजे ही, की कोणाला कोणात मिसळतोय ते बघायचं.

दुसरी गोष्ट, एक्झिट फॉर्म. ३२ पैकी २७ जणांच्या फॉर्मवर कारण "पर्सनल" लिहिलंय. हे कारण नाही, हे पोरांचं सौजन्य आहे, कारण फुल अँड फायनल अडकलेलं असताना खरं कोण लिहिणार. मग कारण सोडून द्यायचं आणि तारीख बघायची, कारण तारीख खोटं बोलत नाही. एक्सेलमध्ये बी कॉलममध्ये जॉइनिंगची तारीख, सी मध्ये शेवटच्या हजेरीची, आणि डी मध्ये एवढंच:

```
=C2-B2
```

लोकांना वाटतं अ‍ॅनालिटिक्स म्हणजे काहीतरी जबरदस्त सॉफ्टवेअर, इथे तर वजाबाकी आहे. पण ही वजाबाकी करून बघितली तर ३२ जण सारखे पसरलेले दिसत नाहीत, तीन ढीग दिसतात. ५ जण पहिल्या आठवड्यात गेले. १७ जण साधारण छत्तिसाव्या ते एक्केचाळिसाव्या दिवसात, आणि उरलेले १० पुढे विखुरलेले. आता पगार ७ तारखेला होतो आणि बॅच महिन्याच्या सुरुवातीला आलेली, म्हणजे छत्तिसाव्या दिवसाच्या आसपास काय होतं? पहिला पगार होतो. पोरगा पगार घेतो, एक दोन दिवसांत बॅग भरतो आणि जातो. आणि हो, शेवटच्या हजेरीची तारीख घ्यायची, सिस्टीममधली एक्झिटची तारीख नाही, कारण पोरगा गेल्यावर पंधरा पंधरा दिवस त्याचं नाव मस्टरवर गैरहजर म्हणून चालू असतं आणि ती तारीख घेतली तर हा ढीग दिसतच नाही, सगळं पसरून जातं. पोर्टलवरून आलेला डेटा जसाच्या तसा ग्राफमध्ये टाकणारी पोरं इथेच फसतात.

तिसऱ्या ढिगाचं काय? सुपरवायझर लोक सांगतात की प्रेस शॉपमधली, म्हणजे जिथे मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथली, पोरं टिकत नाहीत. खरंय का बघू. ८० पैकी २० जणांना प्रेस शॉपला टाकलं होतं. पहिले दोन ढीग गेल्यावर प्रेस शॉपमध्ये १४ उरले आणि बाकी फॅक्टरीत ४४. त्यानंतर जे १० गेले त्यातले ८ प्रेस शॉपचे. म्हणजे तिकडे १४ पैकी ८, इकडे ४४ पैकी फक्त २. नुसतं "१० पैकी ८ प्रेस शॉपचे" म्हटलं तर कोणी म्हणेल तिथे माणसंच जास्त असतील, म्हणून खाली कितीपैकी ते लिहायचं. अ‍ॅनालिटिक्सवाला रिपोर्टमध्ये हे लिहितो आणि तिथे थांबतो, थांबायलाच हवं, कारण प्रेस शॉपमध्ये काय चाललंय ते त्याच्या शीटमध्ये नाहीये. १४ माणसांवरून "प्रेस शॉप वाईट आहे" असा निकाल पण द्यायचा नसतो, "इथे जाऊन बघा" एवढंच म्हणायचं असतं.

मग पगाराचा ढीग, १७ जणांचा. हे रिक्रूटरचं खातं. भरतीच्या वेळी पोरांना सांगितलं होतं "अठरा हजार". कोणी खोटं बोललं का? तसं नाही, ग्रॉस अठरा हजारच आहे. पण बेसिक आणि डीए धरून १४,००० असेल तर त्याचा १२ टक्के पीएफ म्हणजे १,६८० कापले, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १८,००० वर १३५, प्रोफेशनल टॅक्स २००, कॅन्टीन आणि बसचे मिळून समजा ७००. हातात येतात १५,२८५. पोराने गावाकडे आईला अठरा सांगितलेत, खोलीचं भाडं ठरवताना अठरा धरलेत, आणि बँकेच्या मेसेजमध्ये पंधरा. त्याला वाटतं कॉन्ट्रॅक्टरने मधे खाल्ले. पीएफ त्याचाच आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं असेल तर इंडक्शनच्या पहिल्या दिवशी चाळीस स्लाइडच्या मधे कुठेतरी.

रिक्रूटमेंटचं गाडं इथेच अडतं बघा. भरती करणाऱ्याचं टार्गेट असतं किती आणले, त्याला ८० पोरं ३० जूनपर्यंत गेटच्या आत हवी असतात, मग तो "अठरा" म्हणणार, "पंधरा दोनशे पंच्याऐंशी" म्हणणारच नाही. किती आणले ते न मोजता ९० दिवसांनंतर किती उरले हे मोजायला लागलं की तोच माणूस इंटरव्ह्यूच्या टेबलावर भरलेली पगाराची स्लिप दाखवायला लागतो, आणि सही करायच्या आधी पोरांना वीस मिनिटं शॉपमध्ये उभं करतो, आवाज ऐकू दे, तेलाचा वास येऊ दे. काही पोरं तिथूनच परत जातात. जाऊ दे ना, पहिल्या आठवड्यात गेलेले ते ५ हेच होते, फक्त हेल्मेट, बूट आणि मेडिकलचा खर्च करून गेले.

आयटीतली भरती दिसायला वेगळी पण दुखणं तेच. तिथे नोटीस पीरियड ९० दिवसांचा, ऑफर दिल्यावर तो माणूस तुमची ऑफर दाखवून दुसरीकडून जास्त घेतो आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. माझ्याबरोबर हे झालंय, सुरुवातीला मी एका कन्सल्टन्सीत होते, महिन्याची एकच मोठी पोझिशन क्लोज झाली म्हणून सगळ्यांना पेढे वाटले आणि सोमवारी तो माणूस आलाच नाही. त्यानंतर शिकले की ऑफर ते जॉइनिंग या तीन महिन्यांत दर आठवड्याला बोलायचं, आणि "येणार ना?" असं विचारायचं नाही कारण त्याला सगळे हो म्हणतात, विचारायचं "राजीनामा मेल केला का, मॅनेजर काय म्हणाला, शेवटचा दिवस सिस्टीममध्ये पडला का". उत्तरं गुळमुळीत यायला लागली की दुसरा उमेदवार गरम ठेवायचा. या लाइनला प्रवेश सगळ्यात सोपा, डिग्रीपेक्षा जीभ आणि चिकाटी लागते, आकड्यांचं प्रेशर सेल्ससारखं, आणि मार्केट पडलं की पहिली कुऱ्हाड रिक्रूटरवर, कारण भरतीच बंद तर रिक्रूटर कशाला. हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

आता प्रेस शॉपचे ८. इथे ट्रेनिंग आणि ईआर दोघं लागतात.

ट्रेनिंगवाल्याने स्किल मॅट्रिक्स काढली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, शॉपच्या भिंतीवर एक तक्ता असतो, डावीकडे नावं, वर मशीन, आणि प्रत्येक चौकोनात चार भाग केलेला एक गोल. एक पाव भरलेला म्हणजे माहिती आहे, अर्धा म्हणजे कोणीतरी शेजारी असताना करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. प्रेसवर हात घालायचा तर कमीत कमी अर्धा गोल हवा, आणि त्यासाठी आधी डोजोमध्ये, म्हणजे शॉपच्या बाजूला सरावासाठी असतो त्या कोपऱ्यात, काही दिवस घालवावे लागतात. या तक्त्यावर सगळ्या नव्या पोरांचे गोल अर्धे भरलेले. एकाच पेनाने, एकाच तारखेला, जॉइनिंगनंतर चौथ्या दिवशी. पहिले तीन दिवस तर इंडक्शनमध्ये वर्गात बसवलं होतं. म्हणजे डोजो झालाच नाही, लाइनवर माणूस कमी होता म्हणून गोल भरून पोरं पाठवली. मग पार्ट रिजेक्ट होतात, सुपरवायझर ओरडतो, पोरगा घाबरतो, अजून रिजेक्शन. बोटं शाबूत राहिली हेच नशीब.

आणि याच ट्रेनिंग डिपार्टमेंटचा महिन्याचा रिपोर्ट बघाल तर फीडबॅक ५ पैकी ४.६. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वापरलं का, आणि कंपनीला त्याचा फरक पडला का. आपल्याकडचं बहुतेक ट्रेनिंग पहिल्या पायरीवर चहा बिस्कीट खाऊन परत येतं. चांगला ट्रेनर तिसऱ्या पायरीवर जातो म्हणजे काय करतो, तर पंधरा दिवसांनी शॉपमध्ये जाऊन त्याच पोराच्या मागे उभा राहतो आणि डाय बदलताना तो कुठला टप्पा गाळतोय ते बघतो. ज्यांना शिकवायला आवडतं त्यांना वाटतं हे काम म्हणजे माइक घेऊन स्टेजवर उभं राहणं, पण त्यातला मोठा भाग म्हणजे प्रॉडक्शनवाल्याशी भांडून त्याचा माणूस चार दिवस मोकळा करून घेणं. ज्याला हे भांडण जमत नाही त्याचे गोल पेनानेच भरले जातात.

राहिला ईआरवाला. तो फॉर्म घेऊन गेलाच नाही, तो रात्रपाळीच्या चहाला गेला, टपरीवर, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी एक पोरगा बोलला की "सर, रिलीव्हर येत नाही मग डबल मारावी लागते". म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की ह्यालाच सलग पुढची पाळी. नाही म्हटलं तर उद्या गेटपास, असं सुपरवायझर म्हणतो, आणि शिव्या वेगळ्या. वर ओव्हरटाइमचे पैसे सिंगलने दिलेत, जे कायद्याने दुप्पट दराने द्यायचे असतात. आता ही फक्त पोरं गेल्याची भानगड राहिली नाही, कंपनीच्या अंगाशी येणारं प्रकरण झालं, कारण पोरं कॉन्ट्रॅक्टरची असली तरी त्याने पैसे बुडवले तर ते मुख्य मालकाला द्यावे लागतात. युनियन आहे पण ती परमनंट कामगारांची, ही पोरं तिच्यात नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं कोणाच्याच टेबलावर येत नव्हतं. ईआरवाल्याला आधी कॉन्ट्रॅक्टरकडून फरकाचे पैसे काढायचेत, मग सुपरवायझरशी बोलायचंय, तेही असं की त्या पोराचं नाव बाहेर येणार नाही. नाव बाहेर आलं तर पुढच्या वेळी टपरीवर कोणी तोंड उघडणार नाही.

ईआरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझं मन तिथे आहे. समजा उद्या त्याच शॉपमध्ये एका कामगाराने सुपरवायझरच्या कानाखाली मारली. सगळे म्हणणार आत्ताच्या आत्ता काढा. ईआरवाला म्हणतो थांबा. आधी आरोपपत्र, त्यात तारीख, वेळ, जागा, नेमकं काय केलं हे लिहायचं, "गैरवर्तन केले" एवढंच लिहिलं तर ते कोर्टात उभं राहत नाही. चौकशी होईपर्यंत निलंबित करता येतं, पण निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा. चौकशी अधिकारी असा हवा ज्याचा त्या भांडणाशी संबंध नाही, कामगाराला आपला प्रतिनिधी आणू द्यायचा, साक्षीदारांना उलटे प्रश्न विचारू द्यायचे, प्रत्येक दिवसाच्या कामकाजावर सह्या घ्यायच्या. हे सगळं कंटाळवाणं वाटतं आणि यातलं एक पान चुकलं तर काही वर्षांनी तोच माणूस मागच्या पगारासकट परत गेटमधून आत येतो, हार घालून. चार नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यात जुने २९ केंद्रीय कायदे एकत्र आलेत, त्यामुळे सध्या ज्याने त्या नीट वाचल्यात त्याला मागणी आहे, आणि खरं सांगायचं तर फार थोड्यांनी वाचल्यात.

महाराष्ट्रात या कामाला जुनी मुळं आहेत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, त्यांच्याच नावाची कामगार शिक्षणाची संस्था परळला आहे. १९८२ चा गिरणी संप तर घराघरात माहिती आहे. म्हणून आपल्याकडे ईआरला एमएसडब्ल्यू किंवा लेबर लॉचा डिप्लोमा केलेली माणसं जास्त दिसतात, एमबीए त्या मानाने कमी. शिफ्टचा नेम नाही, रात्री दोनला फोन येतो, आणि काम चांगलं केलं तर काहीच घडत नाही, त्यामुळे अप्रेझलला दाखवायला पण काही नसतं. पण ज्याने दोन पगारवाढीचे करार बसून पार पाडलेत त्याला पुढे प्लांट एचआर हेड होताना कोणी फार प्रश्न विचारत नाही.

अ‍ॅनालिटिक्सकडे सध्या सगळी पोरं धावतात, भाची पण. त्यात एक्सेल पक्कं, थोडं एसक्यूएल, पॉवर बीआय एवढ्यावर सुरुवात होते. कागदावर सगळ्यात स्वच्छ काम, पण त्याचा एक त्रास सांगते. कधीतरी मॅनेजर येऊन म्हणतो, "पुढच्या तीन महिन्यांत कोण सोडणार त्यांची नावं दे." देऊ नये. लहान आकड्यांवर काढलेला अंदाज माणसागणिक चुकतो, आणि यादीत नाव आलं की त्या माणसाची बढती अडते, चांगलं प्रोजेक्ट दुसऱ्याला जातं, मग तो खरंच सोडतो आणि मॅनेजर म्हणतो बघा, मॉडेल बरोबर होतं. शॉपची, पाळीची, बॅचची आकडेवारी द्यावी, नावांची नाही. शिवाय लोकांनी पगारासाठी दिलेली माहिती तुम्ही कशासाठी वापरताय हा प्रश्न २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर जास्तच गंभीर झालाय. आणि एक, ज्याने कधी मस्टर लॉक केलं नाही त्याला शेवटची हजेरी आणि एक्झिटची तारीख यातला फरक कळत नाही, म्हणून दोन वर्षं बाकीच्या तीनपैकी कुठेही काढून मग अ‍ॅनालिटिक्सला गेलेला माणूस मला जास्त कामाचा वाटतो. यावर माझ्याशी भांडणारे आहेत, असू देत.

भाचीने शेवटी विचारलं, "पण मामी, जाहिरातीत तर सगळीकडे एचआर एक्झिक्युटिव्ह एवढंच लिहिलेलं असतं, आतमध्ये काय काम आहे ते कसं कळणार?" मी म्हटलं इंटरव्ह्यूमध्ये "मला काही विचारायचंय" म्हणून दोनच गोष्टी विचार. एक, महिनाअखेरीला हजेरी कोण लॉक करतं? आणि दुसरं, या पोस्टवर आधी जी व्यक्ती होती तिचं मागच्या महिन्यातलं सगळ्यात डोकेदुखीचं काम कुठलं होतं? पहिल्याचं उत्तर "तुम्हीच" आलं तर जाहिरातीत टॅलेंट, कल्चर काहीही लिहिलेलं असू दे, महिन्यातले दहा दिवस मस्टरमध्ये जाणार हे धरून पगार माग. आणि दुसऱ्याला समोरचा नुसता हसला, तर उठायच्या आधी शॉप बघायला मिळेल का ते विचार.